सतरा नंबरच्या दारापाशी

शुक्रवारी दुपारी चार वाजता मीटरताई संग्रहालयातल्या आमच्या नोंदींच्या खोलीत आली, तेव्हा मुलं पिसं मोजत बसली होती. तिने खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली, आतून एक मोठं पाकीट काढलं आणि त्यातला फोटो माझ्यापुढे सरकवला.

"सर, बघा. आणि हसू नका."

मी हसलो नाही. फोटोत पाणमांजर होतं. रुंद चपटं तोंड, मिशांवर थेंब, अंगाला चिकटलेले ओले केस आणि मुळाशी जाड, टोकाकडे निमुळती होत गेलेली शेपटी. तोंडात मासा. मुंगूस म्हणायला जागाच नव्हती. पण फोटो चकचकीत कागदावर इतका जवळ कापून आणला होता की प्राण्याभोवती बोटभरही पाणी उरलं नव्हतं.

"कुठे दिसलं?"

"आपल्याच कालव्यावर. पंपघराच्या अलीकडच्या वळणाला. मंगळवारी सकाळी."

आमच्या जिल्ह्यात पाणमांजराची शेवटची खात्रीची नोंद सव्वीस वर्षांपूर्वीची. नोंदींच्या खोलीत भिंतभर नकाशा आहे. ज्या प्राण्याची नोंद पक्की ठरते, त्याचा ठिपका त्यावर चढतो. या वर्षी त्याच नकाशाचं पुस्तक निघणार होतं आणि यादी दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बंद होणार होती. त्यानंतरचा ठिपका पुढच्या आवृत्तीत, म्हणजे दहा वर्षांनी.

मीटरताई घरोघरचे पाण्याचे मीटर वाचते, म्हणून ती मीटरताई. पण गावात तिचं दुसरं नावही आहे. तीन वर्षांपूर्वी तिने आमच्याकडे बिबट्याचा फोटो पाठवला होता. भिंतीवर बसलेला, पिवळसर, ठिपकेदार. फोटोत भिंत आणि प्राणी सोडून काही नव्हतं, त्यामुळे भिंत केवढी ते कळत नव्हतं. मग मी जाऊन भिंत मोजली. गुडघ्याएवढी निघाली. बिबट्या शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याचा बोका होता. तेव्हापासून ज्या दारात ती मीटर वाचायला जाते, तिथलं कुणी ना कुणी विचारतं, "काय बिबट्याबाई, आज वाघ दिसला का?" ती उत्तर देत नाही, आकडा लिहिते आणि पुढे जाते. तीन वर्षं रोज.

"या वेळी माझं नाव पुस्तकात आलंच पाहिजे," ती म्हणाली. "मोठं नको. बारीक अक्षरांत चालेल. पण छापलेलं. म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की मी पान उघडून दाखवीन."

तेवढ्यात संग्रहालयाचे संचालक आत आले. माणूस वाईट नाही, पण त्यांना दुधाने पोळल्यापासून ताकही फुंकून प्यायची सवय लागली आहे. बिबट्याची बातमी त्या वेळी त्यांनीच उत्साहाने फळ्यावर लावली होती.

त्यांनी फोटो पाहिला, मग भिंतीजवळच्या संगणकावर तिची नोंद उघडली. तिने ती आधीच आमच्या संकेतस्थळावर भरली होती.

"ठिकाण बघा," ते म्हणाले. "विणकर गल्ली, घर क्रमांक अकरा. पाणमांजर यांच्या घरात आलं होतं का? आणि तारीख? एक जानेवारी, रात्रीचे बारा वाजून बावन्न मिनिटं. फोटोत लख्ख उजेड आहे. सालही पाच वर्षांपूर्वीचं."

मीटरताईचा चेहरा उतरला. "मी मंगळवारीच काढलाय."

"काढला असेल. पण कुठे? प्राणिसंग्रहालयातही पाणमांजर असतं. माझ्या मेव्हण्याने गेल्या वर्षी असाच झकास फोटो काढला होता, पिंजऱ्याच्या गजांमधून. गज तेवढे दिसत नाहीत." ते माझ्याकडे वळले. "सर, प्राण्याबद्दल माझी शंका नाही. पण ठिपका प्राण्याचा नसतो, जागेचा असतो. उद्या पाचपर्यंत जागा आणि वेळ सिद्ध झाली तर चढवू. नाहीतर नाही."

ते गेले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच अडचण होती.

मुलांनी पिसं कधीच बाजूला ठेवली होती. माझ्या शुक्रवारच्या वर्गात दोघं नियमित येतात. एक दहा वर्षांची मुलगी, जिला सगळे शंकासुर म्हणतात, कारण तिला 'बरं' म्हणताच येत नाही. दुसरा तिच्याच वयाचा रेडिओ. त्याचं बटण कुठे आहे ते त्याच्या आईलाही सापडलेलं नाही.

"ताई, तुम्ही खोटं बोलताय का?" शंकासुराने सरळ विचारलं.

"नाही गं."

"मग तारीख खोटी का?"

मी म्हटलं, "हाच प्रश्न. पण नीट विचार. तारीख कुणी लिहिली?"

"ताईंनी."

"मी नाही लिहिली," मीटरताई म्हणाली. "ती कॅमेऱ्याने आपली आपण घातली."

हळूहळू उलगडा झाला. कॅमेरा चार-पाच महिने कपाटात पडून होता. बॅटरी काढून ठेवलेली. सोमवारी रात्री तिने बॅटरी चार्जिंगला लावली, मंगळवारी सकाळी निघताना आत बसवली. पडद्यावर काहीतरी विचारणा आली, तिने 'नको' दाबलं आणि निघाली.

"ती विचारणा तारखेचीच होती," मी म्हटलं. "इतके महिने बॅटरी नसली की आतलं घड्याळ बंद पडतं. मग बसवल्यावर ते कारखान्यात ठरवलेल्या पहिल्या दिवसापासून मोजायला लागतं. एक जानेवारी, मध्यरात्र. आणि ठिकाण?"

"फोटो घरी येऊन फोनवर घेतला आणि तिथूनच पाठवला."

"म्हणजे फोन जिथे होता ती जागा पडली," रेडिओ म्हणाला. "आमच्या काकांनी समुद्राचा फोटो न्हाव्याच्या दुकानातून पाठवला होता, तर खाली दुकानाचं नाव आलं, आणि काकू म्हणाली—"

"काकू नंतर," शंकासुर म्हणाली.

मीटरताईने पिशवी उचलली. "मग सोपं आहे सर. माझ्या भाच्याला संगणकातलं सगळं येतं. तारीख बदलून, जागा बदलून, तासाभरात आणून देते. खरंच तर लिहायचंय."

"ते करू नका."

"का? खोटं खोडून खरं लिहिणं पाप आहे का?"

"पाप नाही. पण उद्या दुसरा कुणी ती फाइल उघडेल आणि त्याला दिसेल की तारीख मागाहून घातली आहे. मग तो विचारेल, तारीख बदलता येते तर आणखी काय काय बदललं? चुकलेलं घड्याळ तसंच राहू द्या. शेजारी लिहा, घड्याळ चुकलं होतं, इतक्याने चुकलं होतं आणि ते आम्हाला असं कळलं. चूक लपवली तर नोंद जाते. सांगितली तर राहते."

"पण कितीने चुकलं ते कसं कळणार?"

मला तेव्हा उत्तर ठाऊक नव्हतं. म्हणून शिक्षक करतात तेच केलं. दुसराच प्रश्न विचारला.

"तुम्ही मीटरचा फोटो कसा काढता?"

"म्हणजे?"

"एखाद्याने तक्रार केली की आकडा चुकीचा आहे, तर तुम्ही फोटो काढता ना? कसा?"

यावर ती ताठ बसली. हा तिचा प्रांत होता. "आधी दाराचा, घराचा नंबर येईल असा. मग मीटरचा, त्याचा स्वतःचा नंबर आणि काटे दोन्ही दिसतील असा. नुसते काटे काढून उपयोग काय? कुणाचेही असतील. आणि तिथल्या तिथे वहीत आकडा, तारीख, वेळ. घरी जाऊन लिहिलेलं आमचे साहेब मानत नाहीत. मीही मानत नाही. अठरा वर्षांत माझा एक आकडा फिरलेला..."

ती थांबली. चकचकीत फोटोकडे तिने पाहिलं. आजूबाजूचं सगळं कापून टाकलेलं, नुसते काटे.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "मी काटेच तेवढे आणले."

शंकासुराला ते फार आवडलं. ती म्हणाली, "मग मूळ फोटो कुठे आहे? न कापलेला?"

मूळ फोटो कॅमेऱ्यातल्या कार्डात होता. कॅमेरा मीटरताईच्या नणंदेकडे. नणंदेच्या मुलीचं शाळेत संध्याकाळी नाटक होतं, त्यासाठी ती आदल्या दिवशी घेऊन गेली होती.

मीटरताईने तिथूनच फोन लावला. तिचा फोन असा की पलीकडचं आख्ख्या खोलीला ऐकू येतं.

"वन्सं, कॅमेऱ्यातले फोटो आहेत ना?"

"अगं, कार्ड भरत आलंय. सगळं पुसून टाकणार होते. त्या मीटरांच्या फोटोंचं काय लोणचं घालायचंय?"

"पुसलंत का?"

"पुसणार होते. मग म्हटलं, चहा घेऊ आधी."

"तो चहा सावकाश घ्या. बोट लावू नका. मी आले."

अर्ध्या तासात ती कॅमेरा आणि दुसऱ्या हातात मीटरवाचनाची वही घेऊन परत आली. नणंदेला नाटकासाठी तिने आपला फोन देऊन टाकला होता.

आम्ही कार्ड संगणकाला लावलं. न कापलेला फोटो उघडला आणि सगळे पडद्याकडे वाकले.

पाणमांजर आता चित्राच्या मधोमध लहानसं दिसत होतं, आणि त्याच्याभोवती सगळं जग होतं. डावीकडे उंच लव्हाळ्याचं बेट. मागे कालव्याचा पलीकडचा दगडी काठ, त्यावर एक लोखंडी दार, पाणी शेतांकडे सोडायचं असतं तसं. दारावर पांढऱ्या रंगात आकडा, सतरा. दाराशेजारी लोखंडी खांब आणि त्याची लांब सावली.

"आता सांगा," मी मुलांना म्हटलं. "काय काय दिसतं?"

"सतरा नंबर," शंकासुर म्हणाली. "म्हणजे प्राणिसंग्रहालय नाही. पण हे सतरा आपल्याच कालव्याचं कशावरून? दुसऱ्या कालव्यालाही सतरा नंबर असेल."

"छान. ते उद्या बघू. आणखी?"

"सावली डावीकडे पडलीये," रेडिओ म्हणाला. "खूप लांब. म्हणजे सूर्य खाली आहे. सकाळ नाहीतर संध्याकाळ. मध्यरात्र नाही, हे तर मला आधीच माहीत होतं."

मीटरताई मात्र पुढचे फोटो सरकवत होती. पाणमांजराचे एकूण चार. मग एक अंधारा, कशाचा ते कळेना. मग एका खोल खड्ड्यातल्या मीटरचा, काटे आणि नंबर स्वच्छ.

"हा पंपघराचा," ती म्हणाली. "मीटर खड्ड्यात आहे, खाली उतरायला शिडी नाही. म्हणून तर कॅमेरा बरोबर घेतला होता. दुरून मोठं दिसतं यातून."

त्या फोटोवर कॅमेऱ्याची वेळ होती एक वाजून एकतीस मिनिटं.

तिने वही उघडली, बोट ओळींवर फिरवलं आणि एका ओळीवर थांबवलं. पंपघर, मंगळवार, सकाळी सात पंचेचाळीस, आकडा अठ्ठेचाळीस हजार दोनशे सतरा. फोटोतल्या मीटरवरही तेच. ती दर मंगळवारी तिथे जाते. आधीच्या मंगळवारचा आकडा अठ्ठेचाळीस हजारांच्याही आत होता.

"मीटर मागे फिरत नाही," ती म्हणाली. आवाज आता वेगळाच होता. "हा आकडा या मंगळवारीच होता."

मी मुलांना फळ्याकडे पाठवलं. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीच्या वेळेवर चालत होतं, पण चालत होतं बरोबर. त्यामुळे दोन फोटोंमधलं अंतर खरं. बारा बावन्न ते एक एकतीस, एकोणचाळीस मिनिटं. सात पंचेचाळीसमधून एकोणचाळीस वजा.

"सात वाजून सहा मिनिटं," दोघं एकदमच म्हणाली, आणि मग आधी कोण म्हणालं यावरून भांडली.

"आणि बॅटरी बसवली कधी?" मी विचारलं.

शंकासुराने सात सहामधून बावन्न मिनिटं वजा केली. "सहा चौदा."

"मी सव्वासहाला घरातून निघते," मीटरताई म्हणाली.

संचालकांना बोलावलं. त्यांनी फळा वाचला, वही वाचली, फोटो वाचले. बराच वेळ हनुवटी चोळली.

"वेळ मान्य," ते म्हणाले. "पण सतरा नंबर..."

"उद्या सकाळी सात वाजता," शंकासुर म्हणाली. "तुम्हीही या."

शनिवारी पावणेसातला आम्ही कालव्याच्या वळणावर होतो. पायाखाली दव होतं. मुलांच्या आयांनी त्यांना इतके कपडे चढवले होते की ती दोन गाठोडी चालल्यासारखी दिसत होती. मी छापून आणलेला न कापलेला फोटो हातात धरला. मीटरताई पुढे.

"इथे उभी होते," ती म्हणाली आणि एका दगडावर पाय ठेवला.

समोर पलीकडच्या काठावर लोखंडी दार. त्यावर पांढऱ्या रंगात सतरा, आणि त्या आकड्याच्या खालच्या टोकाला फोटोत होता तसाच गंजाचा ओघळ. डावीकडे लव्हाळं. रंग आणि आकडा दोन ठिकाणी सारखा असू शकेल, पण गंज दोन ठिकाणी सारखा ओघळत नाही. संचालकांनी फोटो डोळ्यांपुढे धरला, खाली केला, पुन्हा धरला.

"जागा हीच," ते म्हणाले.

"थांबा," शंकासुर म्हणाली. "सूर्य उजवीकडून येतोय. सावली डावीकडे. म्हणजे सकाळच. पण सात सहाच आहे का ते बघू ना."

मला हे सुचलं नव्हतं, कबूल करतो. चार दिवसांत सूर्य फारसा हलत नाही. फोटोत खांबाच्या सावलीचं टोक काठावरच्या एका तिरक्या, फुटक्या दगडापर्यंत पोचलं होतं. आम्ही पाच जण त्या दगडाकडे टक लावून उभे राहिलो. संचालकांनी मनगट वर धरलं. सात वाजता टोक दगडाच्या पलीकडे होतं. मग हळूहळू आत येऊ लागलं.

"सात तीन," संचालक म्हणाले. "सात चार."

रेडिओने श्वास रोखून धरला होता. गाल फुगले होते.

"सात सात," संचालक म्हणाले.

सावलीचं टोक फुटक्या दगडाच्या कडेवर होतं.

"एक मिनिट इकडे तिकडे," ते म्हणाले आणि घड्याळाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझंच घड्याळ पुढे असेल."

मीटरताईने डोक्यावरचा रुमाल काढला, पुन्हा बांधला.

पाणमांजर त्या दिवशी दिसलं नाही. पण पुलावरून पलीकडे गेल्यावर दाराजवळच्या उंच, सपाट दगडावर मुलांना एक काळपट गोळा सापडला. त्यात माशांचे खवले आणि बारीक काटे चमकत होते. पाणमांजर अशाच उंच दगडांवर विष्ठा टाकून आपली हद्द सांगतं. शेजारच्या चिखलात पावलांचे ठसे होते, पाच बोटांचे, पंख्यासारखे पसरलेले. संचालक आता गुडघ्यांवर बसले होते. चांगल्या इस्त्रीच्या पॅन्टमध्ये, चिखलात. त्यांनी फोन काढला आणि ठशाचा फोटो घेतला.

"काका," शंकासुर म्हणाली.

"काय?"

"पट्टी?"

त्यांनी वर पाहिलं. मीटरताईने पिशवीतून फूटपट्टी काढली आणि ठशाशेजारी ठेवली. "भिंत केवढी ते आधी कळू दे," ती म्हणाली.

संचालक मोठ्याने हसले. तीन वर्षांत त्या गोष्टीवर ती स्वतः पहिल्यांदाच बोलली होती.

दुपारी आम्ही नोंदींच्या खोलीत बसलो. नोंदीचं कार्ड मीटरताईने स्वतः भरलं. मुलं दोन्ही बाजूंनी वाकून बघत होती, म्हणून तिला कोपर हलवायला जागा नव्हती. प्राणी: पाणमांजर, एक. दिनांक, वेळ: मंगळवार, सकाळी सात सहा, कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं, पंपघराच्या मीटरच्या आकड्यावरून दुरुस्त. ठिकाण: कालवा, दार क्रमांक सतरा. संकेतस्थळावरची घराची खूण चुकीची. परिसर: दगडी काठ, लव्हाळं, पाणी संथ, गुडघाभर खोल. काय करत होतं: मासा खात होतं. किती दुरून: अंदाजे पंचवीस पावलं. फोटो: चार, न कापलेले. नंतरची तपासणी: शनिवार, विष्ठा, ठसे, पट्टीसह.

"दार क्रमांक पुस्तकात नको," संचालक म्हणाले. "कार्डावर राहू दे. छापलेल्या नकाशावर मोठ्या चौकोनात ठिपका टाकू. कुणी सापळा घेऊन जायला नको."

"म्हणजे पक्कं कुठे ते फक्त आपल्याला माहीत?" रेडिओने विचारलं. त्याचे डोळे चमकले.

"आणि ज्याला पुन्हा तपासायचं असेल त्याला. तू बोलणार नाहीस ना?"

"मी?" रेडिओ म्हणाला आणि खरोखर गप्प बसला. तीन मिनिटं. मी मोजली.

शेवटचा रकाना निरीक्षकाच्या नावाचा. मीटरताईने तिथे पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, मीटरचा आकडा लिहिते तसं एकेक अक्षर सुटं. मग तिने विचारलं, "सर, ते बिबट्याचं कार्ड अजून आहे का?"

होतं. खालच्या खणात, 'अमान्य' लिहिलेलं. मी ते काढलं. मला वाटलं, ती फाडून टाका म्हणेल. तिने ते वाचलं, पेन घेतलं आणि मोकळ्या जागेत लिहिलं: पाळीव बोका. भिंतीची उंची गुडघ्याएवढी. फोटोत मोजायला काही नव्हतं.

खाली तारीख घातली. कार्ड परत खणात ठेवलं आणि खण स्वतःच बंद केला.

चार वाजून वीस मिनिटांनी शंकासुर स्टुलावर चढली आणि नकाशावर ठिपका लावला. उतरल्यावर मागे सरकून तिने तो बराच वेळ बघितला.

"बरं," ती म्हणाली.